कुरूप आणि घट्टे: आधी बूट तपासा, मग पाय

आमच्या पायांच्या ओपीडीत सोमवारी गर्दी असते, कारण रविवारी लोकांना वेळ असतो. आंघोळ झाली की पाटावर बसायचं, दाढीचं अर्धं ब्लेड घ्यायचं आणि पायावरचं कुरूप तासायचं. बहुतेकांचं निभावतं. ज्यांचं निभावत नाही ते सोमवारी आमच्याकडे येतात, आणि त्यांत मधुमेहवाले जास्त असतात. मी तिथे ड्रेसिंग करते. पायाला पहिल्यांदाच काहीतरी टणक लागायला लागलंय आणि काय करावं कळत नाही, अशा माणसासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा चालताना पोटऱ्या भरून येऊन थांबावं लागत असेल, तर "घरी काय करायचं" हा भाग तुमच्यासाठी नाही. तो सोडून पुढे जा. वय चाळीसच्या पुढे आहे आणि साखर कधी तपासलेलीच नाही, तर पायाला हात लावण्याआधी ती तपासून घ्या. आपल्याला मधुमेह आहे हे पायाच्या जखमेमुळेच कळलं, अशी माणसं मी कितीतरी पाहिली आहेत.

हे नक्की काय झालंय?

कातडीवर एकाच जागी पुन्हापुन्हा दाब पडला किंवा घासलं गेलं, की ती स्वतःला वाचवण्यासाठी जाड होते. कुदळ धरून हाताला घट्टे पडतात तसंच. हा दाब पसरट जागेवर असेल तर घट्टा तयार होतो. तो पिवळसर आणि पसरलेला असतो, कडा स्पष्ट नसतात, आणि बहुतेक वेळा बोटांच्या मागच्या उंचवट्याखाली किंवा टाचेला येतो. दाब एका टोकदार जागी असेल, म्हणजे खाली हाड आणि वर बुटाची शिवण असेल, तर जाड झालेली कातडी खिळ्यासारखी आत घुसत जाते. हे कुरूप. कोणी भोवरी म्हणतं. मधोमध काचेसारखा टणक कण दिसतो. लोक त्याला मूळ म्हणतात, पण त्याला मुळंबिळं काही नसतात. ती मेलेली कातडीच असते, फक्त घट्ट दाबली गेलेली. बाजारात नळी लावून "मूळ" उपसून दाखवणारे असतात. ते काय दाखवतात ते त्यांनाच माहीत, पण दाब तसाच राहिला तर महिन्या-दोन महिन्यांत तिथेच नवं कुरूप येतं.

कुरुपाचा एक प्रकार फसवा असतो. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात घामामुळे ते मऊ, पांढरं आणि भिजलेलं राहतं. लोक त्याला चिखल्या समजून महिनोन्‌महिने मलम लावत बसतात. चिखल्या खाजतात आणि एकाहून जास्त बेचक्यांत पसरतात. मऊ कुरूप एकाच जागी असतं आणि बोटं एकमेकांवर दाबली की तिथेच कळ येते.

चामखीळही तळव्यावर कुरुपासारखी दिसते. कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं. चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. शिवाय चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात आणि कातडीवरच्या रेषा तिच्यापाशी येऊन तुटतात. घट्ट्यात त्या रेषा तशाच पुढे जातात. चामखीळ विषाणूमुळे होते, त्यामुळे तिच्यावर घासाघीस करू नका, नाहीतर ती पसरेल. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

पहिलं काम: कागदावर पाय काढा

मलमाच्या आधी हे करा, कारण खरा उपचार हाच आहे. संध्याकाळी करा. दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि बूट घालून हिंडायचं असतं ते त्याच पायांनी. कोरा कागद जमिनीवर ठेवून अनवाणी उभे राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन द्या आणि दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ मारायला सांगा. स्वतः वाकून काढलं की वजन सरकतं आणि माप चुकतं. दोन्ही पाय काढा, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो.

आता बुटातला सुकतळा, म्हणजे इनसोल, बाहेर काढून त्या रेघेवर ठेवा. बुटाचा बाहेरचा तळ ठेवू नका, तो आतल्या जागेपेक्षा रुंद असतो आणि फसवतो. सुकतळ्याच्या कडेबाहेर पाय कुठे दिसतो ते पाहा. दहापैकी आठ वेळा कुरूप नेमकं तिथेच सापडतं. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटीमीटर जागा मोकळी हवी. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, त्यांनी त्या बोटापासून मोजावं.

सुकतळा निघत नसेल तर बुटात हात घालून कुरुपाच्या जागेवर आतून बोट फिरवा. शिवण, घडी किंवा वर आलेला खिळा लागेल.

लोक इथे एक चूक हमखास करतात. रुंदीला बूट कमी पडतो म्हणून एक नंबर मोठा घेतात. रुंदी जेमतेम वाढते, लांबी मात्र उगाच वाढते, मग पाय आत पुढेमागे सरकतो आणि टाचेला नवा घट्टा पडतो. नंबर तोच ठेवून रुंद फरम्याचा बूट मागायचा, पुढचा भाग गोल आणि उंच असलेला. लेसचे किंवा पट्ट्याचे बूट बरे, कारण पाय मागे धरून ठेवतात. नुसता सरकवून घालायचा बूट पायात टिकण्यासाठी मुळातच घट्ट असावा लागतो. उंच टाचेत शरीराचं वजन पुढे, बोटांच्या उंचवट्यावर ढकललं जातं, त्यामुळे तिथला घट्टा कितीही घासला तरी परत येतो. नवी कोल्हापुरी चावते हे सगळ्यांना माहीत आहे. ती तेल लावून मऊ करून रोज थोडा थोडा वेळ वापरा. पण महिन्यानंतरही चावत असेल तर ती तुमच्या मापाची नाही.

घरी काय करायचं (मधुमेह नसणाऱ्यांनी)

रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवा. त्यात मीठ, शॅम्पू, सोडा काहीही टाकायची गरज नाही. कातडी मऊ करायचं काम पाणीच करतं. मग ओल्या पायावरच वजरी किंवा प्युमिस स्टोन हलक्या हाताने, एकाच दिशेने, दोन-तीन मिनिटं फिरवा. दगडाची किंवा दगडासारखी खरखरीत वजरी चालेल. किसणीसारखे धारदार दात असलेली नको. उद्देश असा की आज पापुद्र्याएवढं जावं. गुलाबी दिसायला लागलं किंवा चुरचुरलं की थांबायचं. एका बैठकीत पूर्ण काढायची हाव धरली की कातडी सोलली जाते, आणि घासली गेलेली कातडी पुन्हा जाडच होते, म्हणजे तुम्ही स्वतःच नवा घट्टा करता. एक दिवस आड पुरतं.

पाय नीट पुसा, बोटांच्या बेचक्याही. मग जाड भागावर युरिया असलेलं क्रीम लावा, दहा ते वीस टक्क्यांचं. मेडिकलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतं. नसेल तर साधं व्हॅसलीन आणि वर सुती मोजे. बेचक्यांत क्रीम नको, तिथे ओल राहते.

बोटावरच्या कुरुपाला मधे भोक असलेली फेल्टची चकती मिळते. भोक कुरुपावर यायला हवं, म्हणजे दाब आजूबाजूला वाटला जातो. पण ही चकती जागा खाते. आधीच घट्ट असलेल्या बुटात ती घातली की दाब वाढतो, त्यामुळे बूट बदलल्याशिवाय तिचा उपयोग नाही. बेचक्यातल्या मऊ कुरुपाला घासू नका. बोटं वेगळी ठेवणारा सिलिकॉनचा तुकडा लावा आणि जागा कोरडी ठेवा.

बूट बदलला असेल तर तीन-चार आठवड्यांत फरक दिसायला लागतो. बूट तोच ठेवला तर हे सगळं आयुष्यभर करत बसावं लागेल.

आता कॉर्न कॅपविषयी, कारण सगळ्यात आधी विचारलं जातं तेच. ती छोटी गोल पट्टी असते आणि तिच्या मधे सॅलिसिलिक ॲसिड असतं, बहुतेकांत चाळीस टक्क्यांच्या आसपास. ते जाड कातडी विरघळवतं. अडचण अशी की मेलेली कातडी कुठली आणि जिवंत कुठली हे त्याला कळत नाही. घामाने पट्टी सरकली की ते शेजारच्या चांगल्या कातडीवर काम करायला लागतं. पाय अगदी निरोगी असेल तर वापरता येते: कुरुपाभोवती व्हॅसलीनचं कडं करायचं, पट्टी नेमकी मधे लावायची, पाकिटावर सांगितलंय तेवढाच वेळ ठेवायची, पांढरी पडलेली कातडी भिजवून पुसून काढायची आणि लाल झालं की बंद करायचं. दोन आठवड्यांत फरक नसेल तर पुढे ओढू नका. बेचक्यात किंवा फुटलेल्या कातडीवर ती कधीच लावायची नाही.

बिबा, चुना, लसणाचा ठेचा आणि चटका ही चारही मी ड्रेसिंग करताना पाहिली आहेत. बिब्याचं तेल कातडी अक्षरशः भाजतं, फोड येतात आणि कधीकधी पूर्ण पाऊल सुजतं. आजीला गुण आला असेल, पण तिचा पाय किती दिवस चिघळला होता हे घरात कोणी सांगत नाही.

मधुमेहात ब्लेड का नको

मागच्या वर्षी आलेल्या एका काकांचं सांगते. वय अठ्ठावन्न, सोसायटीत वॉचमन, बारा तासांची पाळी, आठ वर्षांचा मधुमेह. ठेकेदाराने गणवेशासोबत दिलेले काळे निमुळते बूट, नंबर आठ. उजव्या करंगळीवर कुरूप आणि त्याच पायाच्या उंचवट्याखाली रुपयाएवढा घट्टा. दर दोन-तीन रविवारी ते ब्लेडने तासायचे. एका रविवारी ब्लेड थोडं खोल गेलं. रक्त आलं, दुखलं नाही. फडकं बांधून सोमवारी त्याच बुटात कामावर गेले. चौथ्या दिवशी मोजा करंगळीला चिकटला आणि काकूंना वास आला. तेव्हाही दुखत नव्हतं. "दुखत नाही म्हटल्यावर काय दाखवायचं?" हे ते मला ड्रेसिंगच्या टेबलावर सांगत होते.

बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होत जातात, लांब टोकापासून, म्हणजे बोटांपासून. दुखणं हा पायाचा राखणदार असतो आणि तोच गेलेला असतो. धडधाकट माणसाचं ब्लेड खोल जायला लागलं की हात आपोआप थांबतो. काकांचा हात थांबला नाही, कारण थांब म्हणणारं कोणी नव्हतं.

त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. अखंड कातडीला जिवंत राहायला थोडं रक्त पुरतं, पण जखम भरायला त्याच्या कितीतरी पट लागतं. म्हणजे कातडी फाटेपर्यंत ठीक दिसणारा पाय ती फाटल्यावर भरू शकत नाही. वाढलेल्या साखरेत जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, आणि करंगळीच्या कातडीपासून हाडाचं अंतर काही मिलिमीटरच असतं. काकांच्या एक्स-रेत हाड खराब झालेलं दिसलं आणि करंगळी काढावी लागली.

त्यांच्या घट्ट्यात मधोमध काळपट लाल डाग होता. त्यांनी तो मळ समजून सोडला होता. मधुमेही पायावर घट्ट्याखाली असा डाग दिसला तर आत रक्त साकळलं आहे असं समजायचं. आमच्या सर्जननी घट्टा तासला तेव्हा खाली आयती जखम निघाली, वरून झाकण लागलेली.

यातून कोणी असा अर्थ काढेल की मधुमेहात घट्ट्याला हातच लावू नये. तसं नाही. बधिर पायावरचा घट्टा बुटातल्या खड्यासारखा असतो. तो तसाच ठेवला तरी खालची कातडी चिरडते. तो काढल्यावर त्या जागेवरचा दाब साधारण पाव भाग कमी होतो. तो काढायलाच हवा, फक्त तुम्ही नाही. जाणकार हात निर्जंतुक पातं जवळजवळ आडवं धरून पापुद्रा पापुद्रा काढतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम, भूल लागत नाही आणि रक्त येत नाही. मग बुटात दाब वाटणारा सुकतळा घालून देतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. पायांचे खास तज्ज्ञ, पोडियाट्रिस्ट, आपल्याकडे मोजकेच आहेत. मधुमेहतज्ज्ञाला किंवा सर्जनला सरळ विचारा, "डायबेटिक फूट क्लिनिक कुठे आहे?" पार्लरमधल्या पेडिक्युअरवालीकडे हे काम देऊ नका.

पायाला कळतं का, हे घरी तपासा

काकांची ओपीडीत केली तीच चाचणी घरी होते आणि उपकरण लागत नाही. मधुमेही माणसाला झोपवा, डोळे मिटायला सांगा. "स्पर्श झाला की उजवा की डावा ते सांगा," एवढंच सांगा. आता तुमच्या तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा, पीस टेकवल्यासारखा. दाबू नका, टोचू नका, गुदगुल्या करू नका. उत्तर आलं नाही तर त्या बोटावर पुन्हा प्रयत्न करू नका. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांकडे जा. काकांचे चार हुकले, आणि ते मात्र "सगळं कळतंय की" म्हणत होते.

सगळे स्पर्श कळले तरी ब्लेड, कॉर्न कॅप आणि बिबा नकोच. रक्तपुरवठा कसा आहे हे या चाचणीत कळत नाही. वजरीसुद्धा डॉक्टरांनी पाय पाहून हो म्हटल्यावरच.

मधुमेहात रोजची निगा अशी. पाय गार किंवा जेमतेम कोमट पाण्याने धुवा. गरम आहे का ते कोपराने पाहा, पायाने नाही. पाय बुडवून बसू नका. पुसा, बेचक्याही. तळव्याला क्रीम लावा, बेचक्यांत नको. मग तळवा पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, नजर अधू असेल तर घरच्यांना पाहायला सांगा. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. आमच्याकडे एकजण नातवाचा खेळण्यातला टायर दिवसभर बुटात घेऊन हिंडला होता. घरातही चप्पल ठेवा. अंगठ्याची चप्पल बधिर पायाला वाईट. बोटं आवळून धरावी लागते आणि पायातून निसटली तरी कळत नाही. मागे पट्टा असलेली एमसीआरची चप्पल घ्या. हा मऊ रबराचा तळ कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वापरात होता, तोच मधुमेहात कामाला आला. नवरात्रात अनवाणी राहण्याचा नेम असेल तर देवीसमोर दुसरा नेम धरा. तापलेल्या फरशीवरचे फोड आम्ही दसऱ्यापर्यंत बांधत बसतो.

कातडी फुटली, लाल झाली, गरम लागली, सुजली, पाणी किंवा वास आला, बोट काळं पडलं, ताप आला किंवा साखर अचानक वाढली, तर त्याच दिवशी दाखवा. तोवर तो बूट घालू नका, जखम कोरड्या स्वच्छ गॉजने झाकून ठेवा, चालणं कमी करा. हळद, तेल, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, यांतलं काही नको. दुखत नसेल तर घाई कमी करू नका, जास्त करा.

काकांची तळव्याची जखम भरायला दहा आठवडे लागले. मधे आम्ही त्यांचा पाय कागदावर काढला. पुढच्या भागाची रुंदी दहा सेंटीमीटर सहा मिलिमीटर, आणि त्या काळ्या बुटाचा सुकतळा आठ सेंटीमीटर नऊ मिलिमीटर. कामावर परत जाताना त्यांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. ठेकेदाराने पुन्हा तेच बूट पुढे केले तेव्हा त्यांनी कागद उघडून बुटावर ठेवला. नंतर स्वतःच्या पैशाने रुंद काळे बूट घेतले, तिसऱ्या दुकानात. पहिल्या दोन दुकानांत "घाला हो, वापरून सैल होतील" असं सांगितलं होतं.